ताळ्याच्या खुणा आणि साधा स्तंभालेख : सहा वर्षांच्या बालकांसाठी एक कृतिपत्रिका व तिची उत्तर-मार्गदर्शिका

सारांश

इयत्ता पहिलीच्या वर्गात माहितीची नोंद करणे, ती मोजणे आणि तिचे साधे आलेखन करणे हा गणित अध्यापनाचा एक भाग आहे. यासाठी वापरल्या जाणाऱ्या कृतिपत्रिका दिसायला सोप्या असतात. परंतु त्यांतील चित्रांचा क्रम, संख्यांची निवड, चौकटींची आखणी आणि प्रश्नांची शब्दरचना यांवर बालकाचे आकलन अवलंबून असते. प्रस्तुत लेखात 'आमच्या वर्गाचे आवडते फळ' ही एक नमुना कृतिपत्रिका घेऊन तिच्या रचनेमागील कारणे स्पष्ट केली आहेत. बालकांच्या अपेक्षित चुकांवरून त्यांचा विचार कसा ओळखावा, याचेही विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : ताळ्याच्या खुणा, स्तंभालेख, एकास-एक संगती, तुलनात्मक प्रश्न, उत्तर-मार्गदर्शिका.

प्रस्तावना

सन २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानात पायाभूत संख्याज्ञानाच्या घटकांमध्ये माहितीच्या हाताळणीचा समावेश करण्यात आला. सारणी व आलेख हे विषय प्राथमिक स्वरूपात सहा वर्षांच्या बालकापर्यंत पोहोचले आहेत. अध्यापक विद्यालये व शिक्षणशास्त्र महाविद्यालये यांतील छात्राध्यापकांना अशा कृतिपत्रिका तयार कराव्या लागतात आणि त्यांचे परीक्षण प्राध्यापकांना करावे लागते. हे परीक्षण बहुधा चित्रे आकर्षक आहेत काय आणि उत्तरे बरोबर आहेत काय, एवढ्यापुरते मर्यादित राहते.

वास्तविक अशा कृतिपत्रिकेचे खरे काम बालकाचा विचार शिक्षकाला दिसेल असा कागदावर उतरविणे हे आहे. सात मुलांना आंबा आवडत असताना एक बालक '६' लिहिते, दुसरे '३' लिहिते आणि तिसरे '८' लिहिते. तिघांच्याही उत्तरांवर फुली पडते. परंतु तिघांची चूक वेगळी असते आणि तिघांना लागणारे साहाय्यही वेगळे असते. फुली मारल्याने हा भेद पुसला जातो. तो कसा जपता येईल, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

पूर्वतयारी : कागदाआधीची मोजणी

कृतिपत्रिका हाती देण्यापूर्वी बालकाला मोजता येते म्हणजे नेमके काय येते, हे पाहणे आवश्यक आहे. रॉशेल गेलमन व सी. आर. गॅलिस्टेल यांनी १९७८ मध्ये बालकांच्या मोजणीमागील पाच तत्त्वे मांडली. त्यांपैकी दोन तत्त्वांचा येथे थेट संबंध येतो. पहिले एकास-एक संगतीचे : प्रत्येक वस्तूला एक आणि एकच संख्यानाम द्यावयाचे. दुसरे शेवटच्या संख्यानामाचे : मोजताना जे नाव अखेरीस उच्चारले, तीच त्या समूहाची संख्या. 'एक ते वीस' म्हणून दाखविणारे बालक 'मग किती आहेत?' असे विचारल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले, तर दुसरे तत्त्व अद्याप पक्के झालेले नाही असे समजावे. अशा बालकाला आलेखाचे प्रश्न विचारणे घाईचे ठरेल.

म्हणून पहिल्या दिवशी कागद न देता वर्गात पुढील कृती घ्यावी. जमिनीवर चार फळांची चित्रे ठेवावीत. प्रत्येक बालकाने एक रिकामी काडेपेटी आपल्या आवडत्या फळाच्या चित्राजवळ आणून आधीच्या काडेपेटीवर रचावी. सर्व काडेपेट्या एकाच आकाराच्या असाव्यात. चार मनोरे तयार होतात आणि त्यांची उंची आपोआप संख्या सांगू लागते. 'ही माझी काडेपेटी' असे म्हणणाऱ्या बालकाला एक पेटी म्हणजे एक मूल हे निराळे शिकवावे लागत नाही. पुढे कागदावर जो चौकोन रंगवायचा आहे, तो या काडेपेटीचेच चित्र असतो.

कृतिपत्रिकेची माहिती व संख्यांची निवड

नमुना कृतिपत्रिकेत अठरा मुलांनी निवडलेल्या फळांची अठरा चित्रे दिली आहेत. ती सहा-सहाच्या तीन ओळींत पुढील क्रमाने मांडली आहेत.

पहिली ओळ : आंबा, केळे, आंबा, पेरू, बोर, आंबा.
दुसरी ओळ : केळे, आंबा, पेरू, केळे, आंबा, पेरू.
तिसरी ओळ : आंबा, बोर, केळे, पेरू, केळे, आंबा.

चित्रे हेतुपुरस्सर मिसळलेली आहेत. अनेक कृतिपत्रिकांत सर्व आंबे एकत्र, सर्व केळी एकत्र अशी मांडणी असते. तेथे बालक आंबे मोजते, सात हा आकडा लिहिते आणि नंतर सांगितले म्हणून सात रेघा ओढते. अशा वेळी खुणांचा उपयोग शून्य असतो, कारण उत्तर आधीच मिळालेले असते. माहिती विस्कळीत क्रमाने समोर येते आणि एकाच फेरीत तिची नोंद ठेवायची असते, तेव्हाच खुणांची गरज निर्माण होते. दुधाच्या रतीबाचा हिशेब भिंतीवरील रेघांनी ठेवणाऱ्या गृहिणीची गरज हीच होती. महिनाअखेरीचा आकडा तिला आज ठाऊक नसे. आजची एक रेघ मात्र आजच ओढावी लागे.

फळांच्या संख्या केळे ५, आंबा ७, बोर २ आणि पेरू ४ अशा आहेत. प्रत्येक संख्येला स्वतंत्र काम आहे. पाच या संख्येत खुणांचा एक गट नेमका पूर्ण होतो. सात या संख्येत एक गट होऊन दोन खुणा उरतात. चार या संख्येत गट पूर्ण होत नाही. त्यामुळे आडवी रेघ एक खूण आधीच ओढणारे बालक येथे लक्षात येते. दोन ही संख्या न मोजता नजरेनेच ओळखता येते व त्यामुळे पहिल्या प्रश्नात सर्वांना यश मिळते. चारही संख्या भिन्न असल्याने 'सर्वांत जास्त' व 'सर्वांत कमी' यांची उत्तरे एकेकच येतात. तसेच सारणीत आंबा पहिल्या क्रमांकावर ठेवलेला नाही. सर्वांत मोठी संख्या पहिल्याच रकान्यात असेल, तर 'पहिले ते मोठे' असा चुकीचा नियम बालक स्वतःच तयार करते.

ताळ्याच्या खुणा : पाचव्या रेघेचा प्रश्न

खुणा करण्याची रीत दोन पायऱ्यांची आहे. एका चित्रावर काट मारायची आणि लगेच त्या फळाच्या रकान्यात एक उभी रेघ ओढायची. मग पुढचे चित्र. कृतिपत्रिकेवर ही सूचना 'एक काट, एक रेघ' एवढ्याच शब्दांत द्यावी आणि शिक्षकाने पहिली दोन चित्रे फळ्यावर करून दाखवावीत. काट मारल्याने कोणते चित्र झाले व कोणते राहिले हे स्मरणात ठेवावे लागत नाही. सहा वर्षांचे बालक संपूर्ण ओळीवर आधी काट मारून मग आठवून रेघा ओढू लागले, की नोंद चुकणारच. शिक्षकाने पहिल्या ओळीच्या वेळी वर्गात फिरून केवळ हीच एक गोष्ट पाहावी.

खरी अडचण पाचव्या खुणेची असते. चार उभ्या रेघा आणि त्यांवर पाचवी आडवी तिरपी रेघ, असा गट असतो. ही रेघ समजावताना शिक्षक बहुधा जुडीची उपमा देतात : चार काड्या झाल्या की दोरीने बांधायच्या. उपमा परिचित आहे, परंतु तीच चुकीचे मूळ ठरते. मेथीची जुडी मोजताना दोरी कोणी मोजत नाही. साहजिकच काही बालके आडव्या रेघेला दोरी मानतात आणि गट चारचा धरतात. 'पाच काड्यांची जुडी' असे ऐकलेली बालके उलट पाच उभ्या रेघा ओढून वर सहावी आडवी रेघ ओढतात आणि तरी तो गट पाचचाच मानतात.

यापेक्षा हाताची उपमा अधिक निर्दोष आहे. चार बोटे उभी धरावीत आणि अंगठा तळव्यावर आडवा ठेवावा. अंगठा इतर बोटांप्रमाणे उभा नसला तरी तो पाच बोटांपैकीच एक आहे, हे बालकाला आधीपासून माहीत असते. याच कारणाने पाचवी रेघही पाचव्या मुलाचीच आहे, हे त्याला पटते. शिक्षकाने रेघ ओढताना 'हे पाचवे मूल, ते आडवे झाले' असे म्हणावे. गट केव्हाही 'बांधला' असे म्हणू नये.

पाचाचा गट करण्यामागचे कारण डोळ्यांच्या मर्यादेत आहे. सुमारे चारपर्यंतच्या वस्तू माणूस न मोजता एका दृष्टिक्षेपात ओळखतो. त्यापुढे मोजावे लागते. सात उभ्या रेघा एका रांगेत असतील, तर बालकाला प्रत्येक रेघेवर बोट ठेवावे लागते. एक गट आणि दोन रेघा असतील, तर ते 'पाच' म्हणून पुढे 'सहा, सात' असे मोजू शकते. पाचपासून पुढे मोजणे ही पहिलीच्या वर्षातील महत्त्वाची पायरी आहे आणि तिचा सराव येथे आपोआप होतो. मात्र काही बालके गट ओळखूनही पुन्हा 'एक, दोन' अशीच सुरुवात करतात. त्यांना थांबवू नये. उत्तर बरोबर येत असेल, तर पाचपासून पुढे मोजण्याची रीत दुसऱ्या दिवशी हातांच्या बोटांवर दाखवावी.

खुणा पूर्ण झाल्यावर सारणी पुढीलप्रमाणे दिसते.

केळे : एक पूर्ण गट. संख्या ५.
आंबा : एक पूर्ण गट व दोन उभ्या रेघा. संख्या ७.
बोर : दोन उभ्या रेघा. संख्या २.
पेरू : चार उभ्या रेघा. संख्या ४.

मराठीत 'ताळा' या शब्दाचा अर्थच पडताळणी असा आहे. म्हणून येथे ताळा करणे योग्य ठरते. सर्व खुणा मिळून अठरा होतात काय आणि चित्रेही अठराच आहेत काय, हे पाहावे. बेरीज सतरा आली, तर एखादे चित्र सुटले आहे; एकोणीस आली, तर एखाद्या चित्राच्या दोन रेघा झाल्या आहेत. परंतु या ताळ्याची मर्यादाही छात्राध्यापकांनी जाणली पाहिजे. पेरूची रेघ चुकून बोराच्या रकान्यात गेली असेल, तर एकूण अठराच राहतात आणि चूक लपून राहते. ती शोधण्यासाठी एका फळाची चित्रे पुन्हा मोजून त्याच रकान्याशी जुळवावी लागतात. सर्वांना चारही फळे पुन्हा मोजावयास लावू नये. प्रत्येक बालकाने एकच फळ तपासावे आणि शेजाऱ्याने दुसरे, एवढे पुरेसे होते.

स्तंभालेखाची आखणी

स्तंभालेखासाठी दुसरा स्वतंत्र कागद द्यावा. तो सारणीच्या मागील बाजूस छापला, तर बालकाला प्रत्येक वेळी कागद उलटावा लागतो आणि तेवढ्यात संख्या विसरली जाते. दोन कागद शेजारी ठेवले की सारणी सतत समोर राहते.

या कागदावर चार स्तंभांसाठी चार उभे पट्टे आणि प्रत्येक पट्ट्यात आठ समान चौकोन छापलेले असावेत. चौकोनाची बाजू दोन सेंटिमीटर ठेवल्यास स्तंभाची उंची सोळा सेंटिमीटर होते, ती ए-फोर कागदावर सहज मावते आणि जाड खडूनेही चौकोन रंगविता येतो. चौकोन सातऐवजी आठ ठेवण्याचे कारण असे की, सातच चौकोन दिले तर आंब्याचा पट्टा पूर्ण भरतो आणि कागदच उत्तर सांगून टाकतो. चौकोन बालकाने स्वतः काढावेत असा आग्रह या वयात धरू नये. हाताने काढलेले चौकोन लहानमोठे होतात आणि मग पाच लहान चौकोनांचा स्तंभ चार मोठ्या चौकोनांच्या स्तंभापेक्षा बुटका दिसतो. याच कारणाने चौकोनांच्या जागी फळांची चित्रे चिकटविणेही टाळावे. आंबा आणि बोर यांच्या आकारांतील फरकामुळे उंची संख्येशी प्रामाणिक राहत नाही.

सर्वांत सूक्ष्म मुद्दा डावीकडील अंकांच्या जागेचा आहे. वरच्या इयत्तांतील आलेखात अंक आडव्या रेषांसमोर लिहिलेले असतात व तळाशी शून्य असते, कारण तेथे लांबी मोजायची असते. सहा वर्षांचे बालक लांबी मोजत नाही, ते चौकोन मोजते. अंक रेषांसमोर लिहिले तर तळाच्या रेषेलाच 'एक' धरून मोजणे सुरू होते आणि स्तंभ एका चौकोनाने कमी भरतो. म्हणून या कृतिपत्रिकेत १ ते ८ हे अंक चौकोनांच्या मध्यासमोर छापावेत. पहिला अंक पहिल्या चौकोनाचा, सातवा अंक सातव्या चौकोनाचा. अंक रेषेसमोर नेण्याचे संक्रमण पुढील इयत्तांत, मोजपट्टी शिकविल्यानंतर करावे. एकाच शाळेतील दोन शिक्षकांनी दोन्ही रीती एकाच वर्षी वापरल्यास बालकाचा गोंधळ निश्चित होतो.

रंगविण्याची दिशा तळाकडून वर अशी असावी, जशी काडेपेट्यांची रचना होती. काही बालके वरून खाली रंगवितात, काही मधला चौकोन सोडतात. दोन्ही वेळी रंगविलेल्या चौकोनांची संख्या बरोबर असू शकते, परंतु स्तंभाची उंची तुलनेच्या कामी येत नाही. अशा वेळी 'काडेपेटी हवेत राहील का?' एवढा प्रश्न पुरतो. दोन स्तंभांमध्ये मोकळी जागा ठेवावी. विल्यम प्लेफेअर याने १७८६ मध्ये स्कॉटलंडच्या व्यापाराचा स्तंभालेख काढला, तो विविध देशांशी होणाऱ्या व्यापाराची तुलना करण्यासाठी होता. तेव्हापासून स्तंभालेखाचे काम वेगवेगळ्या गटांची तुलना हेच आहे. ती मोकळी जागा केळे आणि आंबा हे निराळे गट असल्याचे डोळ्यांना सांगते.

प्रश्नांची रचना

फ्रान्सिस कर्सिओ यांनी १९८७ मध्ये आलेख वाचनाच्या तीन पातळ्या सांगितल्या : माहिती वाचणे, माहितीच्या घटकांमधील संबंध वाचणे आणि माहितीच्या पलीकडे वाचणे. नमुना कृतिपत्रिकेतील सात प्रश्न या क्रमाने येतात. बालकांचे वाचन अद्याप पक्के नसल्याने शिक्षकाने प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचावा आणि प्रत्येक फळाच्या नावाशेजारी त्याचे चित्र असावे.

१. बोर किती मुलांना आवडते?
२. आंबा किती मुलांना आवडतो?
३. सर्वांत जास्त मुलांना कोणते फळ आवडते?
४. सर्वांत कमी मुलांना कोणते फळ आवडते?
५. आंबा आवडणाऱ्या एकेका मुलाने पेरू आवडणाऱ्या एकेका मुलाचा हात धरला. जोडी न मिळालेली किती मुले उरली?
६. सगळी मिळून किती मुले आहेत?
७. आज न आलेला एक मुलगा उद्या येणार आहे. त्याला कोणते फळ आवडत असेल? तुला असे का वाटते?

यांतील पाचवा प्रश्न सविस्तर विचार करण्याजोगा आहे. तो सामान्यतः 'आंबा पेरूपेक्षा किती जास्त मुलांना आवडतो?' असा विचारला जातो. या शब्दरचनेत दोन अडथळे आहेत. पहिला भाषेचा. 'जास्त आवडणे' हा मराठीतील रूढ शब्दप्रयोग असल्याने बालकाच्या कानावर 'किती जास्त आवडतो' एवढेच पडते आणि ते 'खूप' असे उत्तर देते. त्याच्या दृष्टीने हे उत्तर पूर्णतः बरोबर आहे, कारण त्याने ऐकलेला प्रश्न आवडीच्या प्रमाणाचा होता.

दुसरा अडथळा तुलनेच्या स्वरूपाचा. टॉम हडसन यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लहान बालकांना पक्षी आणि अळ्या यांची चित्रे दाखविली होती. 'अळ्यांपेक्षा पक्षी किती जास्त?' या प्रश्नाला उत्तर देऊ न शकणाऱ्या अनेक बालकांना 'प्रत्येक पक्ष्याने एक अळी घेतली तर किती पक्ष्यांना अळी मिळणार नाही?' या प्रश्नाचे उत्तर अचूक देता आले. चित्र तेच होते, संख्या त्याच होत्या, बदलली ती शब्दरचना. याचा अर्थ, जोड्या लावून फरक काढण्याची क्षमता त्या बालकांकडे होती. 'किती जास्त' या शब्दांमागे हीच क्रिया अपेक्षित आहे, हे त्यांना उमगत नव्हते. म्हणून नमुना प्रश्नात हात धरण्याची कृती सांगितली आहे. बालक आलेखावर आंब्याचा एक चौकोन आणि पेरूचा एक चौकोन यांवर दोन बोटे ठेवून वर सरकत जाते. चौथ्या चौकोनानंतर पेरूचा स्तंभ संपतो आणि आंब्याचे तीन चौकोन उरतात. हे जमल्यानंतरच 'म्हणजे आंबा आवडणारी मुले तीनने जास्त आहेत' हे वाक्य शिक्षकाने उच्चारावे. अशा रीतीने नवी शब्दरचना बालकाला कळलेल्या क्रियेला जोडली जाते.

उत्तर-मार्गदर्शिका

उत्तर-मार्गदर्शिका शिक्षक व पालक या दोघांसाठी असते. तिच्यात बरोबर उत्तराबरोबर अपेक्षित चुकीची उत्तरे, त्यांमागील संभाव्य विचार आणि विचारावयाचा पुढील प्रश्न दिलेला असावा. तिचे सौम्यत्व चुकीला बरोबर म्हणण्यात नाही. उत्तर कसे मिळाले हे आधी विचारण्यात आहे. बरोबर उत्तराबाबतही अधूनमधून हाच प्रश्न विचारावा. अन्यथा 'दाखव' म्हणजे चुकले, असे बालक शिकते.

पहिला प्रश्न. उत्तर २. येथे चूक झाल्यास बालकाला बोराचा रकाना सापडला नाही, एवढाच अर्थ बहुधा असतो. त्याचे बोट बोराच्या चित्रावर ठेवून तेथून वर नेण्यास सांगावे.

दुसरा प्रश्न. उत्तर ७. सारणी पाहून उत्तर ६ आले, तर आडवी रेघ मोजली गेलेली नाही. उत्तर ३ आले, तर संपूर्ण गटाला एक धरून पुढील दोन रेघा मोजल्या आहेत. उत्तर ८ आले, तर गटात पाच उभ्या व एक आडवी अशा सहा रेघा आहेत काय ते पाहावे. तिन्ही वेळी 'या गटातली मुले मला बोट ठेवून दाखव' असे सांगावे. पहिल्या बालकाला हात व अंगठा पुन्हा दाखवावा, दुसऱ्याला गट सुट्या काड्यांनी मांडावयास द्यावा आणि तिसऱ्याला आपल्या रेघा व चित्रे पुन्हा जुळवू द्यावीत.

तिसरा व चौथा प्रश्न. उत्तरे आंबा आणि बोर. येथे '७' आणि '२' अशी उत्तरे वारंवार येतात. बालकाने योग्य स्तंभ ओळखला आहे. फळाचे नाव विचारले आहे की मुलांची संख्या, हा भेद तेवढा राहिला आहे. 'बरोबर, सात मुले. ती कोणत्या फळाची?' असे विचारल्यास आधीच्या योग्य विचाराची दखल घेतली जाते.

पाचवा प्रश्न. उत्तर ३. उत्तर ७ आल्यास बालकाने केवळ उंच स्तंभ वाचला आहे. उत्तर ११ आल्यास त्याने दोन्ही संख्यांची बेरीज केली आहे. दोन संख्या दिसल्या की मिळवायच्या, ही सवय त्यामागे असते. दोघांनाही सात व चार मुलांना वर्गात उभे करून प्रत्यक्ष हात धरावयास लावावे. एखाद्याने ६ लिहिले असेल, तर घाई करू नये. देवनागरी ३ आणि ६ हे अंक परस्परांच्या आरशातील प्रतिमांसारखे दिसतात आणि या वयात अंक उलटा लिहिला जाणे स्वाभाविक आहे. 'तू लिहिलेला अंक वाचून दाखव' असे सांगावे. बालक 'तीन' म्हणाले, तर त्याचे गणित बरोबर आहे व लेखन सुधारावयाचे आहे. या दोन बाबी एका फुलीत मिसळू नयेत.

सहावा प्रश्न. उत्तर १८. उत्तर ४ आल्यास बालकाने स्तंभ मोजले आहेत. 'एका चौकोनात कोण बसले आहे?' असे विचारून काडेपेटीची आठवण द्यावी. १७ किंवा १९ हे उत्तर मोजणीतील निसटण्याचे लक्षण आहे. रंगविलेल्या प्रत्येक चौकोनात ठिपका देत पुन्हा मोजण्यास सांगावे. पाच, सात, दोन आणि चार यांची लेखी बेरीज येथे अपेक्षित नाही.

सातवा प्रश्न. येथे एकच बरोबर उत्तर नाही. 'आंबा, कारण खूप जणांना आवडतो' असे म्हणणारे बालक आलेखाचा आधार घेत आहे. 'पेरू, कारण मला आवडतो' असे म्हणणारे स्वतःचा आधार घेत आहे. दोघांचेही उत्तर फळ्यावर लिहून घ्यावे आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलाला खरोखर विचारावे. त्याने बोर म्हटले, तर बोराच्या रकान्यात तिसरी रेघ पडते. आलेखावरून अंदाज बांधता येतो, खात्री देता येत नाही, ही गोष्ट त्या एका रेघेने समजते.

मर्यादा

ही कृतिपत्रिका एका बैठकीत पूर्ण करू नये. पहिल्या दिवशी काडेपेट्या, दुसऱ्या दिवशी खुणा व सारणी, तिसऱ्या दिवशी स्तंभालेख व प्रश्न अशी विभागणी योग्य ठरते. कोणालाच न आवडलेले फळ, म्हणजे शून्याचा रकाना, आणि समान उंचीचे दोन स्तंभ हे दोन्ही प्रसंग पहिल्या पत्रिकेत जाणीवपूर्वक टाळले आहेत. ते दुसऱ्या पत्रिकेत घ्यावेत. शून्याच्या वेळी बालक रिकामा पट्टा 'राहून गेला' असे समजून एक चौकोन रंगवून टाकते, म्हणून त्यासाठी स्वतंत्र चर्चा लागते. एका चौकोनाने दोन मुले दर्शविणे मात्र या वयात घेऊ नये, कारण एक चौकोन म्हणजे एक मूल ही संगतीच येथे पक्की व्हायची असते. शेवटची मर्यादा अशी की, शेजाऱ्याचे पाहून भरलेल्या पत्रिकेतून काहीही निदान होत नाही. भरलेला कागद गोळा करण्यापेक्षा रोज चार-पाच बालकांजवळ बसून एक प्रश्न तोंडी विचारणे अधिक माहिती देते.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, या कृतिपत्रिकेतील निर्णायक बाबी अगदी लहान आहेत : मिसळलेली चित्रे, पाचव्या रेघेसाठी हाताची उपमा, चौकोनासमोर लिहिलेला अंक आणि 'किती जास्त' ऐवजी हात धरण्याचा प्रश्न. छात्राध्यापकांच्या कृतिपत्रिकांचे परीक्षण करताना प्राध्यापकांनी या चार ठिकाणी प्रथम पाहावे आणि उत्तर-मार्गदर्शिकेत प्रत्येक प्रश्नासमोर किमान एक अपेक्षित चुकीचे उत्तर कारणासह लिहावयास लावावे. ते लिहिता आले नाही, तर तो प्रश्न बालकाच्या कोणत्या विचाराची परीक्षा घेतो हे कर्त्यालाच स्पष्ट झालेले नाही, असे समजण्यास हरकत नाही.